लांबचा मार्ग, पण पसंतीचा: बीजीपी वाट कशी निवडते

इंटरनेट हा पाऊण लाखाहून अधिक स्वतंत्र नेटवर्कचा समूह आहे. इंटरनेट पुरवठादार, मोठी विद्यापीठे, बँका, गूगलसारख्या कंपन्या अशा प्रत्येकाचे नेटवर्क वेगळ्या मालकीचे असते आणि त्याचा कारभार त्याच्या मालकाच्या मर्जीने चालतो. अशा नेटवर्कला तांत्रिक भाषेत ऑटोनॉमस सिस्टिम, म्हणजे स्वायत्त नेटवर्क म्हणतात. प्रत्येकाला जगात एकमेव असा क्रमांक मिळतो. गूगलचा मुख्य क्रमांक १५१६९, भारती एअरटेलचा ९४९८, तर मुंबईतील हॅथवे या ब्रॉडबँड कंपनीचा १७४८८. या क्रमांकांच्या मालकांनी एकमेकांना ‘अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतात’ असे सांगण्याची जी ठरलेली पद्धत आहे, ती बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, अर्थात बीजीपी. तिचा पहिला मसुदा १९८९ साली आला आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती १९९०च्या दशकाच्या मध्यापासून रूढ आहे.

नेटवर्कच्या आतली वाट ठरवायला ओएसपीएफसारखे वेगळे प्रोटोकॉल असतात आणि ते खरोखरच सर्वांत स्वस्त पडणारी वाट गणिताने काढतात. तिथे सगळे राउटर एकाच मालकाचे असल्याने प्रत्येक तारेची किंमत सगळ्यांना ठाऊक असते. दोन मालकांच्या सीमेवर मात्र हे गणित थांबते. एअरटेलच्या आत किती राउटर आहेत, कोणती तार भरलेली आहे, हे हॅथवेला कळत नाही. ते कळावे अशी एअरटेलचीही इच्छा नसते. म्हणून बीजीपी नकाशा देत नाही, फक्त पोहोच सांगते.

ही देवाणघेवाण साधी असते. शेजारच्या दोन नेटवर्कचे सीमेवरचे राउटर आपसात एक कायमचे कनेक्शन उघडतात. ते टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याचा पत्ता व क्रमांक हाताने लिहून ठेवावा लागतो. अनोळखी राउटर आपोआप येऊन जोडला जात नाही. कनेक्शन जुळले की दोघे आपापल्या मार्गांची घोषणा करतात. त्यानंतर बदल झाला तरच नवा निरोप जातो आणि मधल्या वेळात ‘मी जिवंत आहे’ एवढाच छोटा संदेश ठरावीक अंतराने येत राहतो. तो येईनासा झाला की शेजारी गेला असे समजून त्याच्याकडून शिकलेले सगळे मार्ग रद्द होतात.

घोषणेत पत्त्यांचा एक गट असतो, त्याला प्रिफिक्स म्हणतात. सोबत ती घोषणा कोणकोणत्या नेटवर्कमधून आली त्यांच्या क्रमांकांची यादी असते. गूगल `8.8.8.0/24` हा गट जाहीर करते तेव्हा यादीत एकच क्रमांक असतो. पुढच्या नेटवर्कने ती घोषणा आणखी पुढे दिली की त्याचा क्रमांक यादीच्या सुरुवातीला लागतो. अशा रीतीने तिसऱ्या शेजाऱ्याला दिसणारी यादी अशी असू शकते:

```
8.8.8.0/24   9498 17488 15169
```

ही यादी उजवीकडून डावीकडे वाचायची असते. घोषणा १५१६९पासून निघाली, १७४८८मधून ९४९८कडे आली आणि तिथून इथे पोहोचली. पाकिटे याच वाटेने उलट्या दिशेने जातील, असा तिचा अर्थ. यादीत स्वतःचाच क्रमांक दिसला तर राउटर ती घोषणा टाकून देतो. मार्ग गोल फिरू नयेत यासाठी एवढा एक नियम पुरतो.

एकाच प्रिफिक्सच्या घोषणा चार शेजाऱ्यांकडून आल्या तर निवड कशी होते? यादीतले क्रमांक मोजायचे आणि सर्वांत छोटी यादी घ्यायची, असा सर्वसाधारण समज असतो. तसे मोजमाप बीजीपीत आहे, पण त्याचा नंबर नंतर येतो. त्याआधी पाहिला जातो तो लोकल प्रेफरन्स, म्हणजे मालकाने त्या मार्गाला दिलेली पसंती. ती साधा आकडा असते आणि मोठा आकडा जिंकतो. हा आकडा नेटवर्कच्या आतच फिरतो; शेजाऱ्याला तो दिसत नाही आणि त्याला त्यात ढवळाढवळ करता येत नाही. पसंती सारखी असेल तरच यादीच्या लांबीचा विचार होतो, आणि तिथेही बरोबरी झाली तर आणखी काही कसोट्या लागतात. थोडक्यात, पाच नेटवर्कमधून येणारा मार्गही मालकाला अधिक पसंत असेल तर दोन नेटवर्कमधून येणाऱ्या मार्गावर मात करतो.

ही मांडणी योग्यच म्हणायला हवी. यादीची लांबी हे तसेही फार कच्चे माप आहे. एका क्रमांकामागे मुंबईतली एक इमारत असू शकते किंवा तीन खंडांत पसरलेले जाळे असू शकते. यादीत दोन्हींची नोंद एकेकच. पण पसंती वर असण्याचे खरे कारण पैशाचे आहे. दोन नेटवर्कमधले संबंध बहुतेक वेळा दोनपैकी एका प्रकारचे असतात. एकात छोटे नेटवर्क मोठ्याला पैसे देते आणि मोठे त्याला उरलेल्या जगापर्यंत नेऊन पोहोचवते. याला ट्रान्झिट म्हणतात. दुसऱ्यात दोघे एकमेकांच्या ग्राहकांची वाहतूक बहुधा पैसे न घेता थेट देतात-घेतात; याला पीअरिंग म्हणतात. त्यामुळे एखादा पत्ता ग्राहकामार्फतही गाठता येत असेल आणि आपल्या पुरवठादारामार्फतही, तर ग्राहकाच्या मार्गाने पाठवलेल्या पाकिटावर पैसे मिळतात आणि पुरवठादाराच्या मार्गाने पाठवलेल्या पाकिटावर द्यावे लागतात. म्हणून जवळपास सगळीकडे पसंतीचा क्रम आधी ग्राहक, मग पीअर आणि शेवटी पुरवठादार असा ठेवलेला असतो.

कोणता मार्ग घ्यायचा यासोबत कोणता मार्ग कोणाला सांगायचा, हाही धोरणाचाच भाग आहे. ग्राहकाकडून आलेले मार्ग सर्वांना सांगायचे, कारण त्या ग्राहकाने त्यासाठीच पैसे भरलेले असतात. पीअरकडून किंवा पुरवठादाराकडून आलेले मार्ग मात्र फक्त आपल्या ग्राहकांना सांगायचे. ते दुसऱ्या पीअरला किंवा पुरवठादाराला सांगितले तर दोन बड्यांची वाहतूक आपल्या तारांवरून फुकट वाहू लागेल. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड या संगणकशास्त्रज्ञांनी २००१ साली दाखवून दिले की ग्राहक-पुरवठादार संबंधांचे चक्र कुठे तयार होत नसेल आणि सगळ्यांनी हे दोन नियम पाळले, तर प्रत्येक नेटवर्क आपापला स्वार्थ पाहत असूनही मार्ग स्थिर होतात. त्याची किंमत वापरणाऱ्याला कधीकधी जाणवते. मुंबईतल्या दोन नेटवर्कमध्ये पीअरिंग नसेल आणि त्यांचे पुरवठादार सिंगापूरला एकमेकांना भेटत असतील, तर एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाणारी पाकिटे सिंगापूरला जाऊन परत येतात. तारेने काही किलोमीटरवर असलेली वाट करार नसल्यामुळे अस्तित्वातच नसते. भारतातली वाहतूक भारतातच राहावी म्हणून २००३ साली नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली, ती याच कारणाने.

धोरण लांबीवर कशी मात करते आणि ते फसले की काय होते, याचे एक स्पष्ट उदाहरण १२ मार्च २०१५ रोजी घडले. हॅथवेचे गूगलशी पीअरिंग होते, म्हणजे गूगलचे मार्ग हॅथवेला थेट मिळत होते. वरच्या नियमाप्रमाणे ते फक्त हॅथवेच्या ग्राहकांना सांगायचे होते. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी हॅथवेने गूगलचे तीनशेहून अधिक प्रिफिक्स आपला ट्रान्झिट पुरवठादार एअरटेल याच्याकडे जाहीर केले. एअरटेलच्या दृष्टीने ही ग्राहकाकडून आलेली घोषणा होती, आणि ग्राहकाची घोषणा सर्वांना सांगायची असते. एअरटेलने ती पुढे जगाला दिली. अमेरिकेतील कोजेंट आणि लेव्हल थ्री, फ्रान्समधील ऑरेंज, सिंगटेल, पाकिस्तान टेलिकॉम अशा कंपन्यांनी ती स्वीकारली.

त्यांच्याकडे पोहोचलेली यादी वर दिलेल्या यादीसारखीच होती: एअरटेल, हॅथवे, गूगल. तीन क्रमांकांची. ज्या नेटवर्कचे गूगलशी थेट पीअरिंग असते त्याच्याकडे आधीपासून एकाच क्रमांकाची यादी असते. निव्वळ लांबी पाहिली असती तर नवा मार्ग तिथे कधीच जिंकला नसता. पण ज्याच्या लेखी एअरटेल ग्राहक असेल, त्याच्या पसंतीचा आकडा ग्राहकाकडून येणाऱ्या मार्गाला आपोआप वरचा असतो आणि लांबीची कसोटी लागण्याआधीच निकाल लागतो. परदेशातून गूगलकडे निघालेली वाहतूक अशा प्रकारे भारतात येऊ लागली. हॅथवेसारख्या कंपनीची गूगलकडची तार स्वतःच्या ग्राहकांना पुरेल एवढ्याच क्षमतेची असते. जगाची वाहतूक तिच्यात मावणे शक्य नव्हते. अनेक देशांतल्या लोकांना गूगलच्या सेवा काही काळ मिळेनाशा झाल्या. या प्रकाराला रूट लीक म्हणतात, आणि तो जाणूनबुजून केलेला असावा लागत नाही. सेटिंगमधली एक चूक पुरते.

अशी गळती ओळखण्याची खूण यादीतच असते. चढण आणि उतार अशी कल्पना केली तर नीट चाललेला मार्ग आधी ग्राहकाकडून पुरवठादाराकडे चढतो, वर फार तर एकदा पीअरिंगवरून आडवा जातो आणि मग खाली उतरतो. एअरटेलकडून खाली हॅथवेकडे उतरलेला मार्ग तिथून पुन्हा आडवा गूगलकडे जात असेल, तर नियम कुठेतरी मोडला आहे. ओरेगॉन विद्यापीठाचा रूटव्ह्यूज आणि युरोपातील राइप संस्थेचा आरआयएस हे प्रकल्प जगभरच्या राउटरांकडून अशा याद्या गोळा करून खुल्या ठेवतात, म्हणून कोणालाही हे तपासता येते. सामान्य वापरणाऱ्याला `traceroute` ही आज्ञा बरेच काही सांगते: युरोपातल्या युरोपात जायला हवे ते पाकीट मुंबईमार्गे गेले तर मधल्या एका टप्प्यावर लागणारा वेळ एकदम शंभर मिलिसेकंदांहून जास्त उडी मारतो.

उपायांपैकी एक अनेकदा चुकीच्या अपेक्षेने सांगितला जातो. आरपीकेआय या व्यवस्थेत प्रिफिक्सचा मालक डिजिटल सहीने सांगतो की माझे पत्ते जाहीर करण्याचा अधिकार अमुक क्रमांकालाच आहे. दुसऱ्याने ते आपले म्हणून जाहीर केले तर ते त्यात पकडले जाते. पण हॅथवेच्या प्रकरणात यादीच्या टोकाला गूगलचाच क्रमांक होता आणि तो खराही होता. अशी गळती त्या तपासणीतून सहीसलामत सुटते.

ती थांबवायला पुरवठादाराने ग्राहकाच्या कनेक्शनवर दोन बंधने घालावी लागतात. ग्राहकाने कोणते प्रिफिक्स जाहीर करावेत याची यादी हवी, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आले तर कनेक्शन बंद करणारी मर्यादा हवी. मे २०२२मध्ये आरएफसी ९२३४ या मानकाने बीजीपीत आणखी एक सोय आणली. त्यात कनेक्शन उघडतानाच दोन्ही बाजू आपण ग्राहक आहोत, पुरवठादार की पीअर हे एकमेकांना सांगतात. पीअरकडून किंवा पुरवठादाराकडून आलेल्या मार्गावर ‘फक्त ग्राहकांसाठी’ अशी खूण लागते, आणि तो मार्ग उलटा वर आला तर राउटर स्वतःच तो नाकारतो. ही सोय ऐच्छिक आहे. जिथे ती सुरू केलेली नाही, तिथे ग्राहकाच्या घोषणा तपासण्याची जबाबदारी आजही संपूर्णपणे पुरवठादाराची आहे.