रबर खाली, चहा वर, कॉफी मधे

केरळमधल्या कोट्टयमहून पूर्वेला कुमिळीकडे जाणारा रस्ता सुरुवातीला जेमतेम समुद्रसपाटीच्या उंचीवर असतो. मुंडक्कयमपर्यंत दोन्ही बाजूंना रबराची झाडं दिसत राहतात. पुढे घाट लागतो, हवेत गारवा येतो, रबर विरळ होत संपतं आणि पीरमेडच्या आसपास, हजारेक मीटर उंचीवर, चहाचे मळे सुरू होतात. हे सारं जेमतेम ७५ किलोमीटरांत घडतं. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, हे त्याचं एक कारण. पण ते एकच कारण नाही. पाऊस वर्षाच्या कोणत्या महिन्यांत पडतो आणि पडल्यावर तो कुठे जातो, यावरही या पिकांचं बरंच काही ठरतं.

रबर हे मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं झाड. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने तिथून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यातल्या जेमतेम २७०० रुजल्या आणि आशियातल्या रबर लागवडीची सुरुवात त्या रोपांपासून झाली. विषुववृत्तीय जंगलातल्या या झाडाला उष्ण, दमट हवा आणि वर्षभर विखुरलेला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस लागतो. साडेचारशे-पाचशे मीटरच्या वर थंडीमुळे बुंधा जाड व्हायला वेळ लागतो, आणि लाकूड ठिसूळ असल्याने वाऱ्याच्या माथ्यावर झाडं मोडतात.

बुंध्याची जाडी महत्त्वाची, कारण घेर ५० सेंटिमीटर झाल्याशिवाय चीक काढायला सुरुवात करत नाहीत. केरळात त्याला साधारण सात वर्षं लागतात. मग कामगार पहाटे, उजाडण्याआधीच सालीला तिरकी चीर देतो. रात्री पानांतून पाणी फारसं उडून जात नाही, त्यामुळे पहाटे सालीतल्या नलिकांमध्ये चिकाचा दाब सर्वांत जास्त असतो. ऊन चढलं की पानं पाणी ओढतात, दाब घटतो आणि धार लवकर आटते. चीर द्यायची तीही फक्त सालीत. तिच्या आत खोड वाढवणारा पातळ थर असतो, त्याला सुरी लागली की नवी साल गाठीगाठीची येते आणि पुढची अनेक वर्षं तिथून नीट चीक निघत नाही. पावसाळ्यात खोडावरून ओघळणारं पाणी चीक वाहून नेतं, म्हणून चिरेच्या वर प्लॅस्टिकची झालर बांधतात.

पावसाची विभागणी का महत्त्वाची, ते कोकणाशी तुलना केली की कळतं. सिंधुदुर्ग आणि कोट्टयम या दोन्ही ठिकाणी वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मात्र कोकणात तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. कोट्टयमला एप्रिल-मेमध्ये वळीव पडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊसही भरपूर होतो, म्हणजे कोरडे महिने थोडेच उरतात. पालघर जिल्ह्यातल्या दापचरी इथे रबर मंडळाच्या केंद्राने लागवड करून पाहिली, तेव्हा लांबलेल्या कोरड्या आणि तापट उन्हाळ्यात झाडांची वाढ खुंटत असल्याचं दिसलं. ज्यांना पाणी दिलं नाही, त्यांचा बुंधा चीक काढण्याजोगा व्हायला बरीच जास्त वर्षं लागली. कोकणातल्या रबराच्या बागा दक्षिणेकडे, दोडामार्ग-सावंतवाडी भागात रुजल्या. त्या लावण्यात केरळहून आलेल्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे.

चहाचं चित्र वेगळं आहे. शाळेत शिकवलं जातं, की चहाला डोंगरउतार लागतो. हे अर्धंच खरं आहे. आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, सपाट जमिनीवर चहाचे अफाट मळे आहेत. तिथे ओळींच्या मधे खोल चर खणून पाणी बाहेर काढावं लागतं. चहाला पाऊस भरपूर लागतो, आम्लधर्मी जमीन लागते, पण मुळांशी पाणी साचलं तर ती गुदमरून कुजतात. उतारावर पाण्याचा निचरा आपोआप होतो, आसामात तो माणसाला करावा लागतो. थंडीचा फरकही मोठा आहे. आसामात डिसेंबर ते फेब्रुवारी दिवस लहान आणि थंड असल्याने झुडपं जवळजवळ झोपी जातात. मुन्नार विषुववृत्ताच्या जवळ असल्याने तिथे पालवी कमीअधिक प्रमाणात वर्षभर येत राहते आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी खुडणी चालते.

मुन्नारच्या उंचीला तिचा त्रासही आहे. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री थंड, जड हवा उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. तिथलं तापमान शून्याच्या खाली जातं आणि दंव गोठतं. सकाळी ऊन पडलं, की गोठलेली पानं करपून तपकिरी होतात. त्यामुळे एकाच मळ्यात वरचा उतार हिरवागार आणि खालचा सखल भाग जळालेला, असं दृश्य दिसतं.

कॉफी या दोघांच्या मधली, आणि तिचं पावसाशी नातं सर्वांत नाजूक. तिच्यासाठी कर्नाटकातलं कोडगू पाहायला हवं. अरेबिका जातीला साधारण हजार ते दीड हजार मीटर उंची आणि पंधरा ते पंचवीस अंशांची हवा मानवते, रोबस्टा त्याच्या खाली, जास्त उष्ण भागात वाढते. अरेबिका लावताना उत्तर आणि पूर्वेचे उतार पसंत करतात, कारण पश्चिमेच्या उतारावर दुपारचं ऊन कडक लागतं. उन्हात तापलेल्या खोडाच्या भेगांत पांढऱ्या खोडकिड्याचा भुंगा अंडी घालतो, म्हणून वर सावलीची झाडं राखतात. जूनमध्ये पाऊस लागला की त्यांच्या फांद्या छाटून खाली उजेड सोडला जातो.

कॉफीला पावसाइतकाच कोरडा काळ हवा असतो. हिवाळ्यात तिच्या कळ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होऊन थांबतात. दोन-तीन महिन्यांचा ताण पडल्यावर, फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये, पंचवीस ते चाळीस मिलिमीटरचा एक दमदार वळीव व्हावा लागतो. मग आठ-दहा दिवसांत सगळी बाग एकदम पांढरी होते आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. फुलं तीन-चार दिवसच टिकतात. पाऊस अपुरा झाला, तर कळ्या अर्धवट उघडतात, हिरवट राहतात आणि त्यांना फळ धरत नाही. नेमका फुलण्याच्या दिवशी झाला, तर पराग धुपून जातात. रोबस्टाला हे जास्त बाधतं, कारण तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आणखी एक पाऊस व्हावा लागतो, नाहीतर धरलेली फळं गळतात.

म्हणून रोबस्टाच्या बागांत तळी खणलेली असतात आणि वळवाची वाट न पाहता तुषार सिंचन चालवतात. एका एकरावर २५ मिलिमीटर पाणी पाडायचं, तर सुमारे एक लाख लिटर लागतं. दहा एकरांचा मालक त्यासाठी दहा लाख लिटर साठवून ठेवतो. पण जानेवारीत अवकाळी पाऊस आला तर तळ्याचा उपयोग नसतो. त्या वेळी एकीकडे पिकलेली फळं तोडायची असतात, तोडलेली अंगणात वाळत असतात आणि भिजून बुरसतात. त्याच पावसाने ताण पुरा न झालेल्या काही कळ्या फुलतात, बाकीच्या महिन्या-दोन महिन्यांनी फुलतात. मग वर्षअखेरीस एकाच फांदीवर लाल, पिवळी आणि हिरवी फळं शेजारी शेजारी असतात आणि पिकलेली तेवढी निवडण्यासाठी मजुरांना त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं.