धनत्रयोदशीनंतरचे बारा दिवस

सकाळी ८.२०

नायगावहून भाईंदर एकच स्टेशन, मध्ये वसईची खाडी. गाडी पुलावर येते तेव्हा पाणजू बेटावरची झाडं पावसात पुसट दिसतात आणि माझ्या डोक्यात नेमका तेव्हाच पहिला आकडा येतो: आज बँकेत किती? सोमवार, १० ऑगस्ट. बुधवारी दिव्यांची अवस, मग श्रावण. आमच्या धंद्याचं वर्ष खरं तर इथून सुरू होतं.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने गल्लोगल्ली आहेत. एका गाळ्यात प्रेस, पुढच्यात पॉलिश, त्यापुढे पॅकिंग. आमचाही त्यातलाच एक. डबे, पातेली, ताटं. बारा महिने माल बनतो, पण कमाईचा मोठा हिस्सा धनत्रयोदशी आणि लग्नसराईवर असतो. पत्रा आणि मजुरी मात्र सणाची वाट बघत नाहीत.

९.१०

छत्री दाराशी उभी करून आधी पासबुक. ईआरपीतली बँकेची शिल्लक आणि बँकेची खरी शिल्लक यांतला फरक न वटलेल्या चेकांएवढाच असायला हवा. आज जुळला. सीसीची न वापरलेली मर्यादा धरून हातात ६२ लाख. आज दहा तारीख, म्हणून बँकेला स्टॉक स्टेटमेंटही द्यायचं; ते सहायकाकडे दिलं.

आम्ही ERPNext वापरतो. त्यात `Cash Flow` नावाचा तयार रिपोर्ट आहे. नवे लोक तो उघडून खूश होतात. पण तो झालेल्या व्यवहारांचा हिशेब सांगतो, पुढे काय होणार ते नाही. पुढचं चित्र आपणच तीन गोष्टींतून जोडायचं: डीलरांकडून येणारी बिलं, आपण द्यायची बिलं, आणि पक्क्या झालेल्या पण अजून बिल न झालेल्या ऑर्डरी. तेरा आठवड्यांचे तेरा रकाने, दर सोमवारी पहिला गळतो आणि शेवटी एक वाढतो.

९.४५

`Accounts Receivable` काढला, `Ageing Based On` मध्ये `Due Date` ठेवून. पहिल्या रकान्यातच प्रचंड वसुली दिसली. असं दिसलं की समजायचं, मुदत उलटलेली सगळी बिलं या आठवड्यात येऊन बसली आहेत. तारीख मागची असल्यामुळे शीट त्यांना 'लगेच येणार' असं समजते. जो माणूस दोन महिने पैसे देत नाही तो या शुक्रवारी कशाला देईल? अशा प्रत्येक बिलासमोर फोनवर कबूल केलेली तारीख लिहायची, आणि तारीखच मिळाली नाही तर रक्कम शून्य.

१०.३०

आता ऑर्डरी, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सेल्सचा मुलगा व्हॉट्सॲपवर आलेलं 'भेजो पाचशे डब्बा' लगेच ऑर्डर म्हणून टाकतो. ते `Draft` मध्येच राहतं, म्हणून मी फक्त `Submitted` ऑर्डरी घेते.

कोल्हापूरच्या डीलरची ऑर्डर बघा. माल २० लाखांचा, ५ टक्के जीएसटी धरून २१ लाख. त्याने २.१० लाख आगाऊ दिले. ३ ऑगस्टला ८ लाखांचा माल गेला, कर धरून ८.४० लाखांचं बिल झालं. जुन्या शीटमध्ये ऑर्डरीचे पूर्ण २१ लाख आणि बिलाचे ८.४० लाख, दोन्ही येणे धरलेले. म्हणजे एकाच डीलरकडून २९.४० लाख. गेलेला माल दोनदा मोजला, आणि हातात आलेली आगाऊ रक्कम पुन्हा येणार म्हणून धरली.

बिल व्हायचं राहिलेला भाग असा काढतात:

```
grand_total * (100 - per_billed) / 100
```

`per_billed` इथे ४० आहे, म्हणून उरले १२.६० लाख. झालेल्या बिलातून आगाऊ रक्कम वजा केली की तिकडे ६.३० लाख. बेरीज १८.९० लाख. तपासायला सोपं: ऑर्डर २१, त्यातून आलेले २.१० वजा, उत्तर तेच. फक्त आगाऊ रक्कम बिलाशी जोडलेली आहे ना ते बघावं. नसेल तर ती वेगळी उणे ओळ होऊन खाली लपते आणि कुणीतरी ती फिल्टर करून टाकतं. आमच्याकडे तो 'कुणीतरी' मीच होते, मागच्या वर्षी.

साडेदहा लाखांची हवा एका ऑर्डरीतून गेली. बाकीच्या ऑर्डरींत थोडीथोडी.

१२.००

रक्कम ठरली, आता तारीख. उरलेला माल ७ सप्टेंबरला जाणार. मुदत ३० दिवस, पण डीलर मुदतीत देत नाही हे सगळ्यांना माहीत. म्हणून जुन्या शीटमध्ये त्याच्या मागच्या सणाच्या बिलांची सरासरी घेतलेली: बिलापासून ५१ दिवस. म्हणजे २८ ऑक्टोबर. छान, तेरा आठवड्यांच्या आत.

सरासरीवर माझा भरवसा कमी. मागच्या वर्षीची ती तीन बिलं उघडली. २५ ऑगस्टचं बिल ६६ दिवसांनी, ८ सप्टेंबरचं ५२ दिवसांनी, २४ सप्टेंबरचं ३६ दिवसांनी आलेलं. सरासरी खरंच ५१. पण पैसे आलेली तारीख बघितली तर तिन्हींची एकच: ३० ऑक्टोबर. धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. बारा दिवस. त्याच्या आदल्या वर्षी धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला आणि याचे पैसे ११ नोव्हेंबरला. तेरा दिवस.

म्हणजे हा माणूस बिलापासून दिवस मोजतच नाही. भांडी विकली, गल्ला मोजला, मग आमचे पैसे. यंदा अधिक ज्येष्ठ आला, सगळे सण पुढे सरकले, धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला आहे. बारा दिवस पुढे म्हणजे १८ नोव्हेंबर. बिलापासून ७२ दिवस. आणि माझा तेरावा आठवडा ८ नोव्हेंबरला संपतो.

गेल्या ऑगस्टात धनत्रयोदशी दहाव्या आठवड्यात होती, वसुली शेवटच्या दोन-तीन रकान्यांत दिसायची. यंदा सगळा खर्च खिडकीच्या आत आणि वसुली बाहेर. गंमत म्हणजे बोनस शीटमध्ये बरोबर जागी, ऑक्टोबरच्या शेवटी होता, कारण कामगारांनी दिवाळीची तारीख आषाढातच विचारून ठेवलेली. वसुलीची तारीख कुणी विचारली नव्हती.

शीट सतरा आठवड्यांची केली.

१.३०

डबा. मेथीची भाजी, ती पॉलिशच्या धुळीतही मेथीचीच लागते, हे आश्चर्य.

सुपरवायझर सांगत होता, मागच्या वर्षी सप्टेंबरात गोडाऊन तुंबलं होतं. भांड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ चा ५ टक्के होणार म्हणून डीलर माल उचलायला थांबले होते. म्हणजे मागच्या वर्षीचा सप्टेंबर विक्रीच्या अंदाजाला जवळजवळ निरुपयोगी. मी त्याऐवजी २०२४ घेते आणि महिन्याने नव्हे, दिवाळी किती आठवड्यांवर आहे त्याने लावते.

२.१५

देणी. पत्र्यावर १८ टक्के जीएसटी, भांड्यांवर ५. त्यामुळे २० तारखेच्या रकान्यात रोख कर जवळजवळ शून्य, खरेदीवरचं क्रेडिटच जास्त होतं. पण तो कर पत्रेवाल्याला द्यायच्या रकमेत आधीच जातो, म्हणून देणी करासकटच धरायची. अडकलेल्या क्रेडिटच्या परताव्याचा अर्ज करतो; तो मंजूर झाल्याची ऑर्डर हातात पडेपर्यंत शीटमध्ये तो रुपयाही धरत नाही.

कोल्हापूरसारखे आणखी दोन मोठे डीलर निघाले. तिघांचे मिळून ४५ लाख ८ नोव्हेंबरच्या पलीकडे गेले. रकमा दुरुस्त केल्यावरही जुन्या तारखांनी शीट त्या आठवड्याच्या शेवटी ३१ लाख शिल्लक दाखवत होती. आता उणे १४ लाख. नेमका दिवाळीचा आठवडा.

३.३०

कोल्हापूरला फोन.

"आवो ताई, धनत्रयोदशी झाल्याबिगर पैसं कुठनं येनार?"

"ऑगस्टचं बिल?"

"त्ये देतो की गनपतीनंतर. त्येची काळजी नगं."

"सप्टेंबरच्या मालाचे निम्मे २० ऑक्टोबरला द्या, त्यावर दोन टक्के सोडते."

थोडा वेळ फोनवर फक्त दुकानातला आवाज. मग, "शेठना इचारलंय का?"

विचारलं नव्हतं. "विचारते," म्हटलं.

४.४५

शेठ चहा मागवतात तेव्हाच वाईट बातमी सांगावी, हा माझा अनुभव. उणे १४ ऐकून ते आधी म्हणाले, "ताई, शीट चुकली असेल." तिन्ही बिलांच्या तारखा समोर ठेवल्या. चष्मा काढून परत लावला.

"पॉलिशवाल्याला महिनाभर थांबव."

तो उद्यम नोंदणीवाला छोटा माणूस आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. पुढे गेलं की बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. आम्ही त्याला चाळिसाव्या दिवशी देतो, तिथे ढकलायला पाचच दिवस आहेत. ते म्हणाले, राहू दे.

मग पत्रा. सप्टेंबरच्या खरेदीतले ८ लाखांचे ३०४ चे सर्कल कुठल्याही ऑर्डरीसाठी नाहीत, 'दिवाळीत लागतातच' म्हणून आहेत. ते सोडले तर करासकट ९.४४ लाख वाचतात. कोल्हापूरच्या सवलतीलाही ते हो म्हणाले; तिकडचे निम्मे, सवलत वजा करून, ६.१७ लाख. उणे १४ चे अधिक १.६१ लाख. शेठनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो टाकता येईना, कारण एका डीलरने एक आठवडा लावला की ही शिल्लक गेलीच.

म्हणून बँकेकडे नोव्हेंबरपुरती हंगामी मर्यादा मागायचं ठरलं, पण आत्ताच. ऑक्टोबरात मागितली की बँक अडचणीत आलेलं गिऱ्हाईक बघते, ऑगस्टात मागितली की शीट बघते.

"सर्कल मात्र निम्मे घ्या," शेठ म्हणाले. "धनतेरसला ताटं कमी पडली तर डीलर पुढच्या वर्षी दुसरीकडे जाईल."

निम्मे म्हणजे ४.७२ लाख परत खर्चात. शीट पुन्हा उणे ३.११ वर. बँकेच्या पत्रातला आकडा तेवढ्याने वाढवला.

६.५०

पत्र मेल केलं. कोल्हापूरच्या ऑर्डरीत उरलेल्या निम्म्याच्या वसुलीची तारीख १८ नोव्हेंबर टाकली आणि शेजारी शेरा: 'बिलापासून नाही, धनत्रयोदशी + १२.' बाकीच्या दोघांपैकी एकाचाच इतिहास काढून झाला. दुसऱ्याची २०२४ ची बिलं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ती उद्या.

फाटकाजवळ पाणी साचलं होतं. एक गाडी गेली, पुढची विरार.