व्यापाऱ्याचे करदफ्तर
लेखांक ७ : चढ्या दराचे बीजक आणि क्रेडिट नोट

गेल्या लेखांकात बीजकाच्या लेखनाचा विचार झाला. परंतु तेच बीजक विवरणपत्रात दाखल होऊन ग्राहकाच्या खतावणीतही उतरल्यावर त्यातील दर वाजवीपेक्षा अधिक लागल्याचे ध्यानी आले, तर काय करावे, हा आजचा प्रश्न आहे.

समजा, सांगलीच्या एका पेढीने नोव्हेंबर २०२५ मध्ये सोलापूरच्या नोंदणीकृत कंत्राटदारास २०० लोखंडी पाइप विकले, ठरलेला दर नगास ५०० रुपये असता कारकुनाने ५६० लावला, आणि त्यामुळे मालाची किंमत १२,००० रुपयांनी व १८ टक्के दराने कर २,१६० रुपयांनी फुगला. ही चूक जानेवारीत उघड झाली, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ३४ व्या कलमान्वये पेढीने १४,१६० रुपयांची क्रेडिट नोट काढावी, तिच्यावर स्वतंत्र अनुक्रमांक, जानेवारीचीच तारीख आणि मूळ बीजकाचा क्रमांक व तारीख नमूद करावी. मागची तारीख घालण्याचा मोह अनेक मुनिमांना होतो. तो निव्वळ अनर्थकारक आहे, कारण नोव्हेंबरच्या विवरणपत्रास आता हात लावायचा नसून ही नोट जानेवारीच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवायची आणि त्याच महिन्याच्या ३-बी मधील करदेयता २,१६० रुपयांनी घटवायची असते.

मात्र ही घट एकतर्फी नाही. कंत्राटदाराने मूळ बीजकावरून २०,१६० रुपयांची वजावट घेतली असेल, तर त्यातील २,१६० रुपये त्याने उलटवले पाहिजेत. ही अट २०२५ च्या वित्त कायद्याने स्पष्ट शब्दांत घातली आहे. नोट संगणकीय प्रणालीत त्याच्यासमोर येते, आणि तो स्वस्थ बसला तरी ती स्वीकारली गेली असे मानले जाते. पण त्याने ती नाकारली, तर तेवढी रक्कम पेढीच्या पुढील विवरणपत्रात पुन्हा देय म्हणून चढते. म्हणून नोट पाठविण्यापूर्वीच ग्राहकाशी हिशेब जुळवून घेणारा मुनीम मला अधिक चतुर वाटतो. ग्राहकाने स्वतःच आपल्या वहीत नावे टाकून पाठविलेल्या कागदाने मात्र पेढीचा कर कमी होत नाही. नोट विक्रेत्याचीच हवी.

मुदतीचा मुद्दा अखेरचा, पण सर्वांत कठोर. २०२५-२६ या वर्षातील विक्रीची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र त्यापूर्वी भरले असल्यास त्या दिवसापर्यंतच, विवरणपत्रात दाखविता येते. ही मुदत उलटल्यावर पेढीला किमतीतील १२,००० रुपये व्यापारी सूट म्हणून सोडता येतात, आणि ग्राहकाची मूळ वजावटही तशीच राहते. परंतु सरकारात भरलेले २,१६० रुपये करदेयतेतून वजा होत नाहीत, आणि ग्राहकाने तेही मागितले तर ते पेढीच्या पदरचेच जातात.