टनामागे कर की किमतीवर कर?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा चर्चा रंगली ती साबण, बिस्किटं, छोट्या मोटारी आणि विम्याच्या हप्त्यांची. त्याच दिवशी कोळशावरचा करही बदलला, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तोवर कोळशाच्या प्रत्येक टनामागे ४०० रुपये भरपाई उपकर आणि शिवाय किमतीवर ५ टक्के जीएसटी द्यावा लागत असे. नव्या रचनेत उपकर गेला आणि जीएसटी १८ टक्के झाला. म्हणजे कराचा मोठा भाग आधी वजनावर मोजला जात होता, तो आता किमतीवर मोजला जातो.

चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला यात काय फरक पडला, हे कोळशाच्या प्रतीवर अवलंबून आहे. साधा हिशेब केला तर टनाला सुमारे ३,०७७ रुपयांहून कमी करपात्र किमतीचा कोळसा या बदलाने स्वस्त झाला आणि त्याहून महाग कोळशावरचा कर वाढला. हजार रुपये टनाच्या हलक्या कोळशावर ४०० रुपये म्हणजे चाळीस टक्के, तर चार हजारांच्या उत्तम कोळशावर तेवढेच ४०० रुपये म्हणजे जेमतेम दहा टक्के. वजनावरचा कर स्वस्त मालाला जड जातो, हे यातून दिसतंच. पण मला इथे दुसऱ्या एका फरकाबद्दल लिहायचं आहे. विकणारा एकटाच असेल, तर या दोन करांना तो वेगवेगळा प्रतिसाद देतो.

कोळशाच्या बाबतीत हा प्रश्न हवेतला नाही. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७५ मध्ये कोल इंडिया उभी राहिली. आज व्यावसायिक खाणींचे लिलाव सुरू झाले असले, तरी देशातला तीन चतुर्थांशांच्या आसपास कोळसा तीच काढते. नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही तिचीच उपकंपनी. स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये कोल इंडियाला बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल दंड ठोठावला होता, आणि सरकारी कंपनी असली तरी स्पर्धा कायदा तिला लागू होतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

आता एक काल्पनिक खाण कंपनी घेऊ. तिच्या टापूत दुसरा कुणी कोळसा विकत नाही. टनाला १,२०० रुपये भाव ठेवला तर वर्षाला ४० लाख टन खपतो. भाव २० रुपयांनी वाढवला की खप एक लाख टनाने घटतो. एक टन काढायला ४०० रुपये खर्च येतो. कर अजिबात नसताना ही कंपनी १,२०० रुपयांवरच थांबेल. कारण भाव १,२२० केला, तर विक्रीचे ४८० कोटी ४७५ कोटी ८० लाखांवर येतात, म्हणजे ४ कोटी २० लाख कमी मिळतात, आणि एक लाख टन कमी काढल्याने खर्च वाचतो तो ४ कोटी. वीस लाखांचा तोटा कशाला करायचा? मक्तेदार वाटेल तेवढा भाव लावतो, असं आपण म्हणतो खरं, पण त्यालाही थांबावंच लागतं. भाव वाढवून जे गमावतो ते खर्चातल्या बचतीहून जास्त होऊ लागलं की तिथे त्याचा हात थांबतो.

या कंपनीवर सरकारने टनामागे ४०० रुपये कर बसवला. आता भाव १,२२० केला तर काय होतं? विक्री पुन्हा ४ कोटी २० लाखांनी घटते. पण न काढलेल्या प्रत्येक टनावर ४०० रुपये खर्चाचे वाचतात आणि ४०० कराचेही वाचतात. म्हणजे बचत ८ कोटी आणि निव्वळ फायदा ३ कोटी ८० लाख. कंपनी लगेच भाव वाढवते, आणि वाढवत वाढवत १,४०० वर जाऊन थांबते. खप ३० लाख टनांवर येतो. सरकारला मिळतात १२० कोटी, कंपनीला नफा १८० कोटी.

त्याऐवजी सरकारने अंतिम किमतीचा एक तृतीयांश भाग कर म्हणून घ्यायचं ठरवलं, असं समजा. जीएसटीच्या भाषेत करापूर्वीच्या किमतीवर ५० टक्के. १,२०० रुपयांच्या भावावर हाही टनामागे बरोबर ४०० रुपयेच होतो, म्हणजे सुरुवातीचा बोजा तंतोतंत सारखा. तरीही २० रुपये भाव वाढवण्याचा हिशेब आता वेगळा येतो. विक्रीतली ४ कोटी २० लाखांची घट सगळी कंपनीच्या अंगावर येत नाही, तिच्या वाट्याला २ कोटी ८० लाख येतात. पण बचतही फक्त खर्चाची, ४ कोटींची. कर टनाशी बांधलेलाच नाही, त्यामुळे टन कमी काढून तो चुकवता येत नाही. फायदा उरतो १ कोटी २० लाख. भाव वाढतो, पण १,३०० लाच थांबतो. खप ३५ लाख टन राहतो आणि सरकारच्या तिजोरीत सुमारे १५२ कोटी पडतात.

टनावरच्या करात मक्तेदाराने किमतीत वाढवलेला प्रत्येक रुपया पूर्ण त्याच्याच खिशात जातो, आणि पुरवठा आखडून करही वाचतो. टक्केवारीच्या करात वाढवलेल्या प्रत्येक रुपयातला हिस्सा सरकारला द्यावा लागतो. टंचाई निर्माण करून भाव चढवणं हाच मक्तेदाराचा खरा धंदा. टक्केवारीचा कर नेमका त्या चढवलेल्या भागावर बसतो, आणि टनावरचा कर त्या भागाला हात लावत नाही.

कंपनीचा नफा मात्र या दुसऱ्या रचनेत १८० ऐवजी सुमारे १६३ कोटी होतो, म्हणजे सरकारने जास्त घेतलं आणि त्यातलं काही कंपनीच्या खिशातून गेलं. म्हणून आणखी एक तुलना करून पाहण्याजोगी आहे. सरकारला १२० कोटींच्या वर नकोच असतील तर? तेवढ्यासाठी अंतिम किमतीच्या साधारण २६ टक्के कर पुरतो. त्या दराने भाव १,२७० रुपयांच्या आसपास राहतो, खप साडेछत्तीस लाख टन, आणि कंपनीचा नफा सुमारे १९७ कोटी. सरकारला तेवढेच पैसे, गिऱ्हाइकाला टनामागे १३० रुपये स्वस्त, आणि मक्तेदारालाही १७ कोटी जास्त. तिघांपैकी कुणाचंच नुकसान नाही. करांच्या अर्थशास्त्रात असं क्वचितच घडतं, आणि म्हणूनच हा निष्कर्ष मला विलक्षण वाटतो. जास्तीचं आलं कुठून? टनावरच्या करामुळे जो साडेसहा लाख टन कोळसा जमिनीतच राहिला असता, तो इथे निघतो आणि विकला जातो. त्याच्या किमतीतून खर्च वजा जाता जे उरतं, ते तिघांत वाटलं जातं.

मक्तेदारावरच्या कराचा गणिती विचार फ्रेंच गणितज्ञ आंत्वान कूर्नो याने १८३८ मध्येच केला होता, आणि दोन करांतला हा फरक स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ क्नूट विकसेल याने १८९६ मध्ये मांडला. डॅनियल स्यूट्स आणि रिचर्ड मसग्रेव्ह यांचा १९५३ चा लेख यावरचा पायाभूत मानला जातो. खरी स्पर्धा असलेल्या बाजारात मात्र हा फरक नाहीसा होतो. तिथे एकटा विक्रेता भाव हलवू शकत नाही, त्यामुळे टनाला ४०० म्हणा किंवा तेवढ्याच रकमेची टक्केवारी म्हणा, भाव, खप आणि महसूल सारखेच येतात.

हे आकडे जसेच्या तसे कोल इंडियाला लावता येत नाहीत. तिचा मालक सरकारच आहे, वीज केंद्रांना करारातून जाणारा कोळसा ती जाहीर केलेल्या भावाने देते, आणि तो भाव ठरवताना वीजदरांचं राजकारण आड येतं. जिथे भाव असा बाहेरून बांधलेला असतो, तिथे कर कोणताही असो, तो सरळ गिऱ्हाइकाच्या बिलात उतरतो. वीज जीएसटीच्या बाहेर असल्याने वीज केंद्राला त्याचा परतावाही मिळत नाही. ई-लिलावातला कोळसा वेगळा. तिथे भाव मागणीवर ठरतो आणि किती कोळसा लिलावाला काढायचा हे कंपनीच्या हातात असतं. वरचं गणित त्या बाजाराला अधिक जवळचं आहे.

टक्केवारीच्या करात एक दुखणं कायम असतं. टनावरचा कर वसूल करायला खरा वजनकाटा असला की झालं. किमतीवरचा कर घ्यायचा तर खरी किंमत कळावी लागते. कोळशाची रॉयल्टी २०१२ पासून किमतीच्या १४ टक्के झाली, आणि किमतीचा आधार आहे प्रत. उष्मांकानुसार कोळशाच्या सतरा प्रती केल्या आहेत, आणि एक पायरी खाली दाखवली की किंमतही उतरते आणि करही. त्यामुळे भांडण काट्यावरून उठतं आणि नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेत जातं. खाण आणि कोळसा वापरणारा कारखाना एकाच मालकाचे असतील, तर कागदावरची किंमत कमी दाखवण्याचा मोह आणखी मोठा. उलट बाजूने, टनावरची रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. २०१६ मध्ये ठरलेले ४०० रुपये २०२५ मध्येही ४०० च होते.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. हा उपकर २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झाला, तो स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. महसुलाबरोबर कोळशाच्या धुराची किंमत त्यात धरायची होती. धूर रुपयांवर मोजता येत नाही, तो जळलेल्या कोळशावर मोजावा लागतो. वरच्या उदाहरणात टनावरच्या करामुळे जो साडेसहा लाख टन कोळसा निघाला नाही, तो गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तोटा होता, पण घुग्घूस किंवा चंद्रपूरच्या हवेच्या दृष्टीने नव्हता. मक्तेदार स्वतःच पुरवठा आखडतो आणि त्यामुळे प्रदूषण आधीच थोडं कमी होतं, हे खरं. पण ते पुरेसं कमी होतं असं मानायला काही आधार नाही. म्हणून ज्या वस्तूचा उपद्रव तिच्या प्रमाणाशी बांधलेला आहे, तिच्यावर मी दोन्ही कर ठेवीन: उपद्रवापुरता टनावर, आणि सरकारी महसुलासाठी किमतीवर. २०२५ च्या बदलात पहिला पूर्ण गेला, आणि हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा कोळसाच त्याने सर्वांत स्वस्त झाला.