यंत्राच्या उत्तरांतील अहिराणी : एक मागोवा

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणीची नोंद ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषिक सर्वेक्षणात १९०७ मध्येच 'खानदेशी' या नावाने झाली, आणि २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या गटातील मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक होते. तरी तिचा वापर मुख्यतः तोंडी राहिल्याने संगणकाच्या जगात ती मागे पडली. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठी २०१३ मध्ये आली, मेटा कंपनीच्या भाषांतर प्रारूपाने २०२२ मध्ये २०० भाषा हाताळल्या, आणि जून २०२४ मध्ये गूगलने मारवाडी व तुळूसह ११० भाषांची भर घातली. या दोन्ही याद्यांत अहिराणी नव्हती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर चित्र बदलले, कारण भाषिक प्रारूप, म्हणजे प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल हे शिकलेली प्रणाली, भाषांच्या ठरावीक यादीत अडकत नाही आणि कोणत्याही बोलीत उत्तर मागितले तरी सहसा काहीतरी लिहून देते. ज्या बोलीचे नमुने तिला थोडेच मिळालेले असतात, तिथली उणीव ती शेजारच्या मोठ्या भाषेने, येथे मुख्यतः मराठीने व क्वचित हिंदीने, भरून काढते.

'माझ्या भावाला घरी जायचे आहे' हे वाक्य अहिराणीत साधारणपणे 'मना भाऊले घर जावानं शे' असे होते, तर कच्चे उत्तर 'माझ्या भाऊले घरी जायचं शे' अशा धर्तीचे येते. त्यात 'शे' आणि 'ले' ही ठळक चिन्हे असल्याने वाक्य ओळखीचे वाटते, पण सर्वनाम व क्रियारूप मराठीचेच राहते; म्हणून तपासणी सुट्या शब्दांवरून न करता सर्वनामे, प्रत्यय आणि क्रियापदे यांवरून करावी लागते. तेच उत्तर पुन्हा मराठीत उलटवून पाहणे हा पुरेसा पुरावा नव्हे, कारण सदोष वाक्याचाही अर्थ प्रारूपाला लागतो.

दुसरा घोळ बोलीच्या निवडीचा आहे. जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या लेवा गणबोलीच्या वळणाच्या असून त्यांचा छापील प्रसार मोठा आहे, त्यामुळे केवळ 'खानदेशी' म्हटल्यास धुळ्याच्या अहिराणीऐवजी त्या वळणाचे शब्द मिसळण्याची शक्यता राहते.

मागणीसोबत आपल्या गावची पाच-दहा शुद्ध वाक्ये मराठी अर्थासह दिल्यास प्रत्यय व क्रियारूपे बरीच सुधारू शकतात, परंतु नमुन्यात नसलेल्या रूपांवर प्रारूप पुन्हा मराठीकडे झुकू शकते. म्हणून औषध, पीक किंवा सरकारी योजना यांविषयीचा मजकूर आधी मराठीत घेऊन पडताळावा, आणि अहिराणी रूप जाणत्या भाषिकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापू नये.