आधी ज्योत विझू द्या

ताटलीतल्या रंगीत पाण्यात पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ग्लास आणि आत चढणारं पाणी. मुलांसाठी दीड मिनिटाचा व्हिडिओ करायला हा प्रयोग उत्तम, पण घाईने कापला तर चुकीचं शिकवतो. ज्योत आणि चढलेलं पाणी एकदमच दिसलं, की 'प्राणवायू संपला म्हणून पाणी चढलं' असंच मुलांना वाटतं. खरं तर बहुतेक पाणी ज्योत विझल्यावर चढतं. तापलेली हवा आधीच काठाखालून बुडबुड्यांनी बाहेर पडलेली असते. उरलेली थंड होताच आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते.

म्हणून तीन क्लिप घ्या: काठाजवळचे बुडबुडे, विझणारी ज्योत, चढणारं पाणी. शेवटच्या दोन एकाच सलग चित्रीकरणातल्या हव्यात, मध्ये कात्री नको. बुडबुडे झटकन निघून जातात, तेवढाच भाग निम्म्या वेगाने दाखवा.

पडद्यावर 'हवा बाहेर', 'ज्योत विझली', 'आता पाणी बघा' एवढंच पुरे. अक्षरं ठळक, पाण्याच्या पातळीपासून दूर, आणि सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत टिकणारी. पाणी चढताना मात्र पडदा कोरा ठेवा, निवेदनही थांबवा. वाचणारं मूल त्या क्षणी पाण्याकडे बघत नसतं. कारण नंतर सांगा.