चिप कार्डाची स्थानिक पडताळणी
चिप कार्डाची स्थानिक पडताळणी : बँकेशी संपर्क न साधता कार्ड अस्सल असल्याची खात्री टर्मिनलने जागेवरच करून घेण्याची पद्धत. तीत गुप्त व जाहीर अशा किल्ल्यांची जोडी वापरतात. गुप्त किल्लीने केलेली अंकीय सही तिच्या जोडीच्या जाहीर किल्लीने तपासता येते. कार्डयोजनेची (उदा., रुपे) जाहीर किल्ली टर्मिनलमध्ये आधीच साठविलेली असते. तिने बँकेचे प्रमाणपत्र तपासून टर्मिनल बँकेची जाहीर किल्ली मिळविते व या किल्लीने कार्डावरील माहितीची सही पडताळते.

स्थिर प्रकारात पडताळणी येथेच संपते. ही सही कायम तीच असल्याने बनावट चिपमध्ये उतरविता येते व टर्मिनलला फरक कळत नाही. गतिमान प्रकारात कार्डाला स्वतःची, बँकेने प्रमाणित केलेली किल्ली असते. टर्मिनल दर वेळी ४ बाइटांची नवी यादृच्छिक संख्या पाठविते व कार्ड आपल्या गुप्त किल्लीने तिच्यावर सही करते. ही किल्ली चिपबाहेर येत नसल्याने नकली कार्ड येथे उघडे पडते.

भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाईक गतिशीलता कार्डात प्रवासाची रक्कम चिपमध्येच असल्याने मेट्रोच्या फाटकावर अशी पडताळणी पुरते. मात्र खात्यातील शिल्लक किंवा कार्ड हरविल्याची ताजी नोंद तीवरून कळत नाही. ठरावीक मर्यादेपलीकडील रकमेसाठी बँकेकडेच विचारणा करावी लागते.